अठ्ठ्याहत्तरातले सात

मी टॅरोच्या पत्त्यांचा कॅट बोलतोय, आणि तोही फरशीवर पसरून. काही पत्ते टेबलाखाली गेलेत, एक खुर्चीच्या पायाशी उभा आहे, बाकीचे पालथे पडलेत. पत्त्यांनी कसं नीट एकावर एक बसून, आब राखून बोलावं. पण ती सोय आज राहिलेली नाही, तेव्हा आहे तसाच बोलतो.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठ्या जाड कागदावर आम्ही सगळे शेजारी शेजारी छापले गेलो, मग कापले गेलो, मग आमचे कोपरे गोल केले. बावीस मोठे पत्ते, छप्पन्न लहान. लहानांत चार घराणी: काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. माझा पहिला मालक कॉलेजातला होता. त्याने मला मुलींवर छाप पाडायला विकत घेतलं, ती पडली नाही, म्हणून त्याने मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकून टाकलं. तिथे दोन वर्षं मी एका पाककृतींच्या पुस्तकाला टेकून बसलो होतो. तिथून मला मावशीने उचललं.

ती कोणाची सख्खी मावशी नाही, पण तिला सगळे मावशीच म्हणतात. मावशी बावीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसायची. नावं लिहायची, नंबर द्यायची, आणि बाकावर बसलेल्यांची तोंडं बघायची. मला वाचायची विद्या तिने पुस्तकातून घेतली असली, तरी माणसं वाचायची विद्या त्या बाकावरची. ती म्हणायची, "ज्याचा दात खरंच किडलाय तो एकाच ठिकाणी बोट ठेवतो. जो नुसता घाबरलाय त्याचं सगळं तोंड दुखत असतं. आणि डॉक्टर दिसले की त्याचं आणखी दुखतं."

एवढ्यावर तिने स्वतःची एक मांडणी बसवली होती, पाच पत्त्यांची. लग्न, नोकरी, घर बदलणं, अशा कशाच्या तरी तोंडावर पाय मागे घेणारी माणसं आली की ती हीच मांडायची. पहिला पत्ता भीतीचा: घाबरायला काय होतंय. दुसरा दुखऱ्या दाताचा: नेमकं काय खुपतंय. तिसरा, ज्याच्यासोबत पुढे राहायचं त्या माणसाच्या सहवासात काय होतं. चौथा, नजरेआड काय आहे. पाचवा, ठरलेल्या दिवसाच्या आधी काय करायचं. 'लग्न करू का नको' असा प्रश्न ती घेतच नसे. "पत्ते हो-नाही सांगायला बसलेले नाहीत. काय बघायचं राहिलंय ते विचार," असं ती सांगे.

आणि दर सोमवारी सकाळी, चहा झाला की ती मला मोजायची. पत्ता फाटला का, कुठे चिकटला का, बघायची. शेवटी हात झटकून म्हणायची, "अठ्ठ्याहत्तर." अकरा वर्षं हे चाललं. मला वाटायचं, जगात माझ्याइतकी काळजी कोणाची घेतली जात नसेल. भोळेपणा, दुसरं काय.

एका बुधवारी सकाळी मावशीचा फोन वाजला. फोन टेबलावर, मी त्याच्या शेजारी, आणि मावशीला कमी ऐकू येत असल्यामुळे तिचा फोन सगळ्या खोलीला ऐकू जातो. पलीकडे विमा कंपनीत काम करणारी एक बाई होती. ती आमच्याकडे नेहमी यायची. तिला आपण ताई म्हणू, कारण गोष्ट तिच्या धाकट्या बहिणीची आहे.

"मावशी, आज चारला माझी बहीण येतेय तुमच्याकडे," ताई म्हणाली. "रविवारी साखरपुडा आहे आणि ही आता म्हणते, मला कसंतरी होतंय. तुम्ही तिला सांगा ना, सगळ्यांनाच असं होतं म्हणून. तुमचं ऐकेल ती."

"पत्ते काय म्हणतात ते सांगेन," मावशी म्हणाली. मला अभिमान वाटला.

"तसं नको हो. बाबा आत्ताच दवाखान्यातून घरी आलेत. हॉल ठरलाय, माणसं निघालीत. आणि मुलगा चांगला आहे. फक्त त्याची बदली होतेय दुसऱ्या शहरात, तेव्हा हिला काम सोडावं लागेल. ते आमचं आणि त्याचं बोलणं झालंय. पण हिला आत्ता सांगितलं तर बिथरेल, म्हणून नंतर सांगायचं ठरवलंय."

मावशीची नजर दिवाणखान्यातल्या फोटोकडे गेली. मला माहीत होतं ती कुठे जाऊन पोचली आहे. सहा वर्षांपूर्वी याच टेबलावर तिने स्वतःच्या मुलीसाठी मला मांडलं होतं, आणि आलं ते सरळ सांगितलं होतं. मुलीने ठरलेलं लग्न मोडलं. नंतर कधीतरी तिला वाटलं की ते मोडायला नको होतं, आणि तेव्हापासून तिने आईशी बोलणंही मोडलं. दिवाणखान्यात तिचा फोटो आहे, फोन मात्र येत नाही.

"बघते," मावशी फोनवर म्हणाली.

मग तिने मला खोक्यातून काढलं. सोमवार नव्हता, तरी वाटलं मोजायला काढलं असेल. तिने मला चित्रं वर करून पसरलं आणि एकेक पत्ता वेचायला लागली. तलवारीची तिर्री, जिच्यात एका हृदयात तीन तलवारी घुसल्यात. तलवारीची सत्ती, नव्वी, दश्शी. मग मोठ्या पत्त्यांतून मनोरा, सैतान आणि मृत्यू. असे सात जण. त्यांची तिने एक छोटी चळत केली आणि टेबलाच्या खणात, चष्म्याच्या घराखाली ठेवली. खण बंद झाला.

एवढ्या वर्षांत मावशीने कितीदा तरी लोकांना बजावलं होतं, की पत्ता वाईट नसतो, तो कुठल्या जागेवर पडलाय ते बघायचं. तिच्याच हातांनी माझे सात तुकडे अंधारात टाकले. मी दोन ठिकाणी होतो आणि दोन्ही ठिकाणी मला काही सुचत नव्हतं.

चार वाजता धाकटी आली. ती एका बाइंडिंगच्या कारखान्यात काम करते. नखांच्या कडेला खळ वाळलेली, उजव्या अंगठ्याला घट्टा, आणि खुर्चीत बसण्याआधी टेबलाची कड बोटाने तपासून बघण्याची सवय. मी तिला मनातल्या मनात बाइंडर म्हटलं. मावशीने मला खोक्यातून काढलं तेव्हा तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, खोक्याकडे होतं. अकरा वर्षांत पुठ्ठ्याच्या खोक्याला माझा आकार आलाय. ती त्या खोक्याकडे बघत राहिली.

"पीस आता," मावशी म्हणाली. "पिसताना विचार कर, मला काय बघायचं राहिलंय."

तिने पिसलं. हात कागदाला सरावलेले, त्यामुळे मला बरं वाटलं. तिने कॅट कापला, पुन्हा जुळवला, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, आणि अंगठा बाजूने फिरवला. तिच्या कपाळावर एक आठी आली.

मावशीने पाच पत्ते मांडले आणि एकेक उलगडला.

भीतीच्या जागी चंद्र आला. अर्धवट उजेडात कुत्रा आणि लांडगा भुंकतात, नक्की कशावर ते त्यांनाही ठाऊक नसतं. इथवर मावशी खरं बोलली. "नसत्या सावल्या दिसतायत तुला," ती म्हणाली.

दुखऱ्या दाताच्या जागी नाण्यांची अठ्ठी आली. माझी छाती फुगली. सात जण खणात असूनही मी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. त्या पत्त्यावर एक कारागीर बाकावर बसून एकेक नाणं घडवतोय, मान खाली, सगळं लक्ष हातातल्या कामावर. ज्या माणसाला लग्नाचं काही खुपतंय त्याच्या दुखऱ्या दाताच्या जागी कामाचा पत्ता. आणखी किती स्पष्ट बोलायचं?

"फार काम करतेस तू," मावशी म्हणाली. "दमलीयेस, म्हणून सगळं जड वाटतंय."

तिसऱ्या जागी पेल्यांची दुर्री पडली. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना पेला देतायत, बरोबरीने. पण पत्ता उलटा पडला होता, डोकं खाली. उलट्या दुर्रीत बरोबरी बिघडलेली असते, एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं. मावशीने पत्ता हळूच फिरवून सरळ केला. "माझाच हात लागून उलटा पडला," ती म्हणाली. तिचा हात लागला नव्हता. मी पत्ता आहे, मला कळणार नाही का.

चौथा, नजरेआडचा. तिथे पेल्यांची दश्शी आली, इंद्रधनुष्य, घर, नाचणारी मुलं. सात जणांपैकी कोणीतरी इथे यायचा असेल किंवा नसेल, मला सांगता येत नाही. पण ज्यांना यायची संधीच दिली नाही, ते आले नाहीत म्हणून आनंद कसला मानायचा? मावशीने मात्र मानला. भरपूर मानला.

पाचव्या जागी तलवारीची राणी. हातात सरळ उभी तलवार, दुसरा हात पुढे: काय असेल ते तोंडावर विचार. मावशी म्हणाली, "शांत राहा, म्हणजे रविवार छान पार पडेल. अगं, सगळ्यांनाच असं होतं."

बाइंडरने पाचही पत्त्यांकडे पाहिलं. मग उरलेला कॅट हातात घेतला.

"मावशी, किती पत्ते असतात यात?"

"अठ्ठ्याहत्तर."

तिने मला पंख्यासारखं उलगडलं आणि अंगठ्याने पाच-पाचचे घास घेत गेली, जसे कारखान्यात कागद मोजतात. ओठ हलले नाहीत. पुरते दहा सेकंदही लागले नसतील. "सहासष्ट आणि हे पाच. सात कमी आहेत. खोक्यात सैल बसला होता, तेव्हाच वाटलं मला."

मावशीचा चेहरा कसा झाला हे मी सांगणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही, तरीही सांगणार नाही.

"ताईने फोन केला होता ना?" बाइंडर म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिनेच मला इथे पाठवलं. म्हणाली, मावशी खरं तेच सांगतात."

मावशीने खण उघडला. चष्म्याचं घर बाजूला करून तिने ती चळत टेबलावर ठेवली. बाइंडरने सातही पत्ते ओळीने उलगडले, आणि मनोरा, सैतान, मृत्यू यांच्याकडे नुसतं बघून ती तलवारींपाशी थांबली.

"हे मला दिसू नये असं वाटत होतं तुम्हाला. आता यांचंच वाचा. आणि या वेळी फिरवू नका." म्हणजे तेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मावशीने चष्मा पुसला. मग तिने नव्वी उचलली आणि सत्तीच्या शेजारी ठेवली. मला पहिल्यांदा तिचा जुना आवाज ऐकू आला, दवाखान्यातल्या टेबलावरचा.

"ही नव्वी बघ. बाई पलंगावर उठून बसलीये, तोंड हातांत. मागे नऊ तलवारी. पण एकही तिला लागलेली नाही, सगळ्या भिंतीवर आहेत. ही घाबरगुंडी. खरं तर हाच पत्ता तुझ्या ताईच्या बाजूने बोलला असता, की नुसती धडधड आहे, होईल कमी. मी मूर्ख, भेसूर दिसतो म्हणून हाही काढला." तिने सत्तीवर बोट ठेवलं. "आणि हा माणूस तंबूच्या मागून पाच तलवारी उचलून चवड्यांवर पळतोय. दोन मागे राहिल्यात. इथे काहीतरी खरंच उचललं गेलंय, आणि ज्याचं गेलंय त्याला ठाऊक नाही. दोन्ही कॅटात असले तरच कळतं, तुझं यातलं कोणतं."

हे मला इतकी वर्षं माहीत होतं. पण तिने ते आधी, चार वाजता सांगायला हवं होतं.

मग तिने तिचे तीन प्रश्न विचारले. खरं तर ते सुरुवातीलाच विचारायचे असतात. भीती रोज नवी असते, की रोज तीच? तो शेजारी असला की कमी होते, की वाढते? आणि हॉल, माणसं, कपडे सगळं रद्द करून उद्या दोघांनीच जाऊन सह्या करायच्या म्हटलं, तर हायसं वाटतं का?

बाइंडरने नीट विचार केला. "हॉलची भीती रोज बदलते," ती म्हणाली. "परवा चपलांची होती. काल वाटलं, अंगठी बोटात अडकेल आणि सगळे हसतील. तो आला की ते जातं, तो हसवतो मला. सह्या म्हटलं तर त्या सगळ्यातून सुटले असं वाटतं." ती थांबली. "पण एक आहे, आणि ते रोज तेच असतं. मी कारखान्याचं काही बोलले, पुढच्या वर्षीच्या मोठ्या कामाचं, की तो विषय बदलतो. परवा म्हणाला, ते काम दुसऱ्या कोणाला देतील ना. तेव्हापासून तो शेजारी असला की जास्त होतं."

एकाच दाताशी बोट. मावशीने मान खाली घातली.

बाइंडरने तिथेच त्याला फोन लावला. माझ्यावर तळहात ठेवून ती बोलली, बहुतेक कशावर तरी ठेवायचा होता. "एकच विचारते. माझ्या कामाबद्दल तुझं आणि ताईचं काय ठरलंय?"

पलीकडून तो म्हणाला, "तुला ताईने सांगितलं का?"

'कसलं काम?' असं तो म्हणाला नाही. बाइंडरचा हात माझ्यावर गार पडला. "नाही," ती म्हणाली, "कोणीच सांगितलं नाही. रविवारी मी येणार नाही." आणि फोन ठेवला. ती रडली, पण आवाज न करता, तोंडावर हात न घेता. त्या नव्वीतल्या बाईसारखी मुळीच नाही.

"ताईने मला लहानपणी शिवण शिकवली," ती नंतर म्हणाली. "मी बाइंडर झाले ती तिच्यामुळे." मावशीने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

जाण्याआधी बाइंडरने एक चमत्कारिक गोष्ट केली. सातही पत्ते माझ्यात घातले, मला ठोकून सारखं केलं, पिशवीतून कागदाची पट्टी काढून माझ्या जाडीभोवती दुमडली आणि नखाने खूण केली. लांबी-रुंदीचीही तशीच. पट्टी घडी करून ठेवली आणि गेली.

सात जण परत आले होते, पण पूर्वीसारखं बसेना. मावशीने कितीही पिसलं तरी ते सात मला वेगळे जाणवायचे, जणू ते खणाचा वास घेऊन आले होते. सोमवारी ती मोजायची, "अठ्ठ्याहत्तर" म्हणायची, आणि मी आता त्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हतो.

दोन महिन्यांनी एक पार्सल आलं. आत एक खोका होता, कापडी बांधणीचा, गर्द निळा, एका बाजूने उघडा. कोपरे इतके नेमके की मावशी बोटाने चाचपत राहिली. सोबत चिठ्ठी होती: "साखरपुडा झाला नाही. तो बदलीच्या गावी गेला, कधीकधी फोन करतो, मी उचलते. ताईशी अजून बोलत नाही. मोठं काम मिळालं. खोका अठ्ठ्याहत्तरच्या मापाचा आहे. पुरते असले तर उलटा धरला तरी पडणार नाहीत. कमी असले तर थांबणार नाहीत."

मावशीने मला आत सरकवलं, खोका उलटा धरला. मी पडलो नाही. कडांनी मला घट्ट धरून ठेवलं होतं. किती दिवसांनी मला कोणीतरी पुरतं धरलं होतं.

हे सगळं सांगितलं, कारण काल पुन्हा फोन वाजला. या वेळी एका होणाऱ्या नवऱ्याची आई होती. मुलगा उद्या येतोय, म्हणाली, घाबरलाय बिचारा, तुम्ही जरा समजावा. मावशी म्हणाली, "नाही जमणार." दहा मिनिटं झाली. तिने दिवाणखान्यातल्या फोटोकडे पाहिलं. मग तिने मला काढलं, आणि फक्त एक पत्ता वेगळा केला. मनोरा. एकच तर आहे, असं ती पुटपुटली. खण उघडला, बंद झाला.

मला वाटलं होतं, दुसऱ्यांदा कमी लागेल. तसं होत नाही.

आज तो मुलगा आला. समोर बसला, गुडघा हलवत. मावशीने निळा खोका उचलला आणि नेहमीसारखा तिरका केला. मला थांबायचं नव्हतंच, पण थांबायचं ठरवलं असतं तरी थांबता आलं नसतं. सगळा सरसर घसरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर.

आता तो मुलगा गुडघ्यांवर बसून मला गोळा करतोय. "असू दे, असू दे," मावशी म्हणतेय, पण उठत नाही. तिचा एक हात खणाच्या मुठीवर आहे, आणि तो खण उघडतही नाही, मूठ सोडतही नाही.

बाबा रे, तू मला उचलतोयस, तर एवढं कर. घाई करू नकोस. टेबलाखालचेही काढ. आणि तिच्या हातात देण्याआधी मला मोज.

सत्त्याहत्तर भरतील. मग तिच्याकडे बघ आणि विचार.